टन जुळले, पण सळ्या?

स्टीलची गाडी साइटवर येते तेव्हा घरमालकाच्या हातात दोन कागद असतात. एक वजनकाट्याची पावती. तिच्यावर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि दोन्हींची वजाबाकी असते. दुसरा इंजिनिअरने दिलेला बीबीएस, म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल. त्याच्या शेवटच्या पानावर तळाला एकूण किलो लिहिलेले असतात. मालक दोन आकडे शेजारी ठेवतो. बीबीएस म्हणतो ३,५८४ किलो, पावती म्हणते ३,७१०. सव्वाशे किलो जास्त, म्हणजे साधारण साडेतीन टक्के. कापाकापीत थोडं वाया जाणारच, त्यामुळे हिशोब बरोबर वाटतो आणि पावतीवर सही होते.

या तपासणीत काहीच तपासलं गेलेलं नसतं. बीबीएसमधले किलो कुणी काट्यावर मोजलेले नाहीत, ते लांबीवरून काढलेले आहेत. पावतीवरचे किलो काट्यावर मोजलेले आहेत, पण त्यांत किती लांबी आली ते कुणाला ठाऊक नाही. शिवाय दोन्ही आकड्यांत आठ, दहा, बारा, सोळा एमएम अशा सगळ्या जाडीच्या सळ्या एकत्र मिसळलेल्या. तुलना करायची तर दोन्ही बाजू एकाच मापात आणाव्या लागतात. ते माप मीटर आहे, आणि तेही प्रत्येक व्यासाचं वेगळं. किलोतून मीटरमध्ये जाण्याची वाट म्हणजे त्या व्यासाच्या एक मीटर सळईचं वजन.

आधी बीबीएस म्हणजे काय ते थोडक्यात. आर्किटेक्टच्या आणि आरसीसी डिझायनरच्या नकाशांवरून कुठल्या बीममध्ये, कॉलममध्ये, स्लॅबमध्ये कोणत्या व्यासाची, कोणत्या आकारात वाकवलेली किती सळई लागेल याची ही यादी. प्रत्येक ओळीत सळईचा आकार, व्यास, एका सळईची कापायची लांबी आणि नग असतात. लांबीला नगांनी गुणलं की त्या ओळीचे मीटर मिळतात. शेवटी व्यासागणिक मीटरांची बेरीज होते आणि त्या बेरजेला एक मीटरच्या वजनाने गुणून किलो निघतात. बहुतेक लोक थेट किलोच्या रकान्यावर जातात. कामाचा रकाना त्याच्या आधीचा, मीटरांचा.

एक मीटरचं वजन काढायला कोष्टक पाठ असण्याची गरज नाही. व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करायचा आणि त्याला १६२ ने भागायचं. बाराचा वर्ग १४४, भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. साइटवरचा प्रत्येक सुपरवायझर हे सूत्र म्हणून दाखवतो, पण १६२ आला कुठून हे फार थोडे सांगतात. बारा एमएम सळई आडवी कापली तर तोंडाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर भरतं. अशी एक मीटर सळई म्हणजे ११३ घन सेंटिमीटर पोलाद. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, म्हणून वजन झालं ८८८ ग्रॅम. याच गणितातले पाय आणि घनता एकत्र केले की व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागायचं एवढंच उरतं. आठ एमएमला ०.३९५ किलो, दहाला ०.६१७, बाराला ०.८८८, सोळाला १.५८. साध्या घराच्या कामात हे चार आकडे पुरतात. फिटर लोक अजून सूतात बोलतात. अडीच सूत म्हणजे आठ एमएम, तीन सूत म्हणजे दहा, चार सूत म्हणजे बारा, पाच सूत म्हणजे सोळा. त्यांचा हिशोब फुटांत असेल तर १६२ च्या जागी ५३३ घ्यायचे. उत्तर एका फुटाचं वजन येतं.

फुटांवरून एक बारीक फसगत होते. बाजारात सळईला ‘चाळीस फुटी’ म्हणतात आणि कागदावर ती १२ मीटर असते. चाळीस फूट म्हणजे १२.१९ मीटर. दोनशे वीस सळ्यांवर हा फरक ४२ मीटरांचा होतो. म्हणून बंडलातल्या चार-पाच सळ्यांवर टेप लावून खरी लांबी एकदा पाहावी. गाडीत मावण्यासाठी सळ्या मधोमध दुमडून आल्या असतील तर दोन-चार उलगडून मोजाव्यात.

आता एक काम घेऊ. आकडे उदाहरणासाठी आहेत, पण साइटवर असेच येतात. तालुक्याच्या गावातलं एकमजली घर, साधारण १,३०० चौरस फुटांचं. प्लिंथपर्यंतचं काम झालेलं आहे आणि आता कॉलम, बीम आणि स्लॅबचं स्टील आलं आहे. बीबीएसमध्ये आठ एमएम २,८८० मीटर, दहा एमएम १,२०० मीटर, बारा एमएम ९६० मीटर आणि सोळा एमएम ५४० मीटर आहे. प्रत्येकाला आपापल्या वजनाने गुणून बेरीज केली की ३,५८४ किलो येतात. वर सांगितलेला आकडा हाच.

गाडी खाली होताना मालकाने मुलाला वही देऊन उभं केलं आणि बंडलं व्यासागणिक वेगळी लावून घेतली. बाजारात सहसा आठ एमएमच्या बंडलात दहा सळ्या असतात, दहाच्या बंडलात सात, बाराच्या पाच आणि सोळाच्या तीन. ही पद्धत कंपनीगणिक बदलते, म्हणून प्रत्येक व्यासाचं एक बंडल सोडून सळ्या मोजाव्यात आणि मग बंडलांच्या संख्येने गुणावं. इथे बंडलं आली २२, १५, १८ आणि १७. सळई १२ मीटरचीच भरली. तेव्हा वहीत हे उतरलं:

| व्यास | बीबीएस, मीटर | आलेल्या सळ्या | आलेले मीटर | फरक, मीटर |
|---|---|---|---|---|
| ८ एमएम | २,८८० | २२० | २,६४० | २४० कमी |
| १० एमएम | १,२०० | १०५ | १,२६० | ६० जास्त |
| १२ एमएम | ९६० | ९० | १,०८० | १२० जास्त |
| १६ एमएम | ५४० | ५१ | ६१२ | ७२ जास्त |

एकूण वजन साडेतीन टक्के जास्त आणि आठ एमएम २४० मीटर कमी, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. आठच्या वीस सळ्या कमी आल्या, त्यांचं वजन ९५ किलो. बाराच्या दहा सळ्या जास्त आल्या, त्यांचं वजन १०७ किलो. बेरजेत एकाने दुसऱ्याला झाकलं.

यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. ऑर्डर फोनवर आणि किलोत दिली जाते. ‘आठचं एक टन टाका, बाकी दहा-बारा-सोळा मिळून पावणेतीन’ असं सांगितलं तर दुकानदार एक टन आठ एमएम टाकतो. एक टन म्हणजे २११ सळ्या, बंडलांत बसवल्या की २२०. बीबीएसला मात्र २४० हव्या होत्या. बारीक सळईचा किलोमागे दरही बहुधा जाड सळईपेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे बदली कुठल्या बाजूने होते ते लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण कमी आलेल्या या २४० मीटरांचं काम काय होतं? घराच्या कामात आठ एमएमचा मोठा वाटा रिंगांत जातो. बीमच्या लांब सळ्यांना वेढा घालणाऱ्या चौकोनी कड्या म्हणजे रिंगा. आपल्या घराचे बीम २३० बाय ४५० मिलिमीटरचे आहेत. चारी बाजूंनी २५ मिलिमीटर कव्हर सोडलं की रिंगेचं बाहेरचं माप १८० बाय ४०० होतं. घेर ११६० मिलिमीटर. दोन टोकांच्या आकड्यांसाठी प्रत्येकी व्यासाच्या दहापट, म्हणजे एकूण १६० मिळवायचे. वाकवताना सळई थोडी ताणली जाते, म्हणून तीन काटकोनी वाकांसाठी प्रत्येकी व्यासाच्या दुप्पट आणि आकड्यांच्या दोन वाकांसाठी प्रत्येकी तिप्पट वजा करायचे, म्हणजे एकूण ९६. कापायची लांबी १,२२४ मिलिमीटर आली. बीबीएसमध्ये अशा ९०० रिंगा आहेत, दर १५० मिलिमीटरला एक.

या मापाने २४० मीटरांत १९६ रिंगा होतात. दीडशेच्या अंतराने त्या साडेएकोणतीस मीटर बीमला पुरल्या असत्या. फिटरकडे आठ संपत आली म्हणून काम थांबत नाही. स्लॅबची तारीख ठरलेली असते, मिक्सर आणि माणसं सांगितलेली असतात. मग दीडशेचं अंतर हळूच १९० होतं. नऊशेच्या जागी सातशे चार रिंगा त्याच १३५ मीटरांत पसरल्या तर अंतर नेमकं १९२ मिलिमीटर येतं. बीमच्या खालच्या सोळा एमएम सळ्या पुऱ्या असतात, म्हणून वरून पाहणाऱ्याला जाळं भरगच्चच दिसतं. कातर बलाचं, म्हणजे आधाराजवळ बीम तिरका चिरू पाहणाऱ्या जोराचं काम मात्र रिंगांचं असतं, आणि तिथेच हात आखडलेला असतो.

तुटवड्याचा आकडा खरं तर याहून मोठा आहे. बीबीएस कापलेल्या लांबीचा हिशोब देतो आणि गाडीतून १२ मीटरच्या अख्ख्या सळ्या येतात. १.२२४ मीटरच्या रिंगा १२ मीटरमधून नऊ निघतात, मागे ९८ सेंटिमीटरचा तुकडा राहतो. नऊशे रिंगांना शंभर सळ्या लागतात, म्हणजे १,२०० मीटर. बीबीएसने मात्र १,१०२ धरलेले असतात. उरलेले शंभर तुकडे कुठल्या लहान कामात बसत नसतील तर आठ एमएमची खरी गरज २,८८० नव्हे, जवळजवळ २,९८० मीटर आहे. त्याला २४९ सळ्या, म्हणजे पंचवीस बंडलं लागतात. आली आहेत बावीस. (आठ एमएम कॉइलमध्येही मिळते आणि कॉइलमधून कापलं तर हा तुकडा राहत नाही, पण कॉइल सरळ करायची सोय साइटवर लागते.)

इथे एक मोह आहे, तो सांगून ठेवतो. प्रत्येक रिंग २४ मिलिमीटरने आखूड केली तर १२ मीटरमध्ये बरोबर दहा बसतात आणि तुकडा शून्य. ही आखूडपणाची काटकसर नेहमी आकड्याच्या शेपटातून होते, कारण रिंगेचा चौकोन लहान केला तर ती लांब सळ्यांवर बसत नाही. भूकंपरोधक बांधकामात ते शेपूट किती हवं हे मानकाने ठरवलेलं आहे. म्हणून इंजिनिअरने लेखी होकार दिल्याशिवाय हा बदल करू नये.

सोळा एमएमच्या बाजूला उलटं चित्र आहे. सहा सळ्या जास्त आल्या म्हणून मालकाने भुवया उंचावल्या. तेरा टक्के जादा, एवढं कशाला? उत्तर कटिंग यादीत होतं. सोळाचे जवळजवळ सगळे तुकडे ५.४ मीटरचे, असे शंभर. बारा मीटरमधून दोन निघतात आणि १.२ मीटर उरतं. शंभर तुकड्यांना पन्नास सळ्या हव्यातच. ५१ आल्या, एक हाताशी. यात काहीही खोटं नाही. पण सव्वा मीटरचे ते पन्नास तुकडे मिळून ६० मीटर, म्हणजे ९५ किलो पोलाद साइटवर राहणार आहे. बीममध्ये दोन थर असतील तर मधे ठेवायच्या आडव्या पिना यांतून निघतात. बाकीचं भंगार आहे आणि पैसे मालकाने भरलेले आहेत. ते कुणाच्या टेम्पोतून गेलं हे विचारायला लाजू नये.

बारा एमएमच्या यादीत बहुतेक तुकडे चार आणि सहा मीटरचे होते. ते बारातून नेमके निघतात, वाया काही जात नाही. म्हणून बाराच्या दहा सळ्या खरोखर जास्त आहेत. दहा एमएमच्या पाच सळ्या जास्त, म्हणजे पाच टक्के. स्लॅबच्या कामात तेवढं लागून जातं. सगळ्याच व्यासांना एकच तीन टक्के किंवा पाच टक्के वेस्टेज लावण्याची पद्धत मला म्हणूनच पटत नाही. वेस्टेज व्यासाला नसतं, ते तुकड्याच्या लांबीला असतं. सोळाला इथे दहा टक्केही रास्त होते आणि बाराला एक टक्काही जास्त झाला असता.

एवढी तपासणी वजनाशिवाय झाली. आता वजनाकडे येऊ, कारण पैसे किलोचे द्यायचे आहेत. आलेले मीटर प्रमाण वजनांनी गुणले तर ३,७४६ किलो होतात. काटा दाखवतो ३,७१०. ३६ किलोंचा, म्हणजे एक टक्क्याचा फरक. तो कुठून आला?

सळई कारखान्यात दोन रोळांमधून दाबून काढतात. रोळ झिजले की सळई किंचित जाड होते, नवे घट्ट बसवले की किंचित बारीक. भारतीय मानक आयएस १७८६ ही तफावत मान्य करतं आणि तिला मर्यादा घालतं. दहा एमएमपर्यंतच्या सळ्यांच्या खेपेची सरासरी प्रमाण वजनापेक्षा सात टक्के कमी-जास्त चालते. दहाच्या वर सोळापर्यंत पाच टक्के, सोळाच्या वर तीन. बारीक सळईला सूट जास्त, हे लक्षात असू द्या. बाजारात याला रोलिंग मार्जिन म्हणतात.

ही तफावत व्हर्नियर लावून कळत नाही. टीएमटी सळईच्या अंगावर उंचवटे असतात. त्यांच्यावर जबडा टेकला तर व्यास जास्त दिसतो, दोन उंचवट्यांच्या मधे टेकला तर कमी. सळईला आठ एमएम म्हणतात ते तिच्या वजनावरून. तितक्याच वजनाची गुळगुळीत गोल सळई असती तर तिचा व्यास जेवढा असता तेवढा हिचा व्यास. म्हणून परीक्षा काट्यावरच होते, आणि ती घरी करता येते. प्रत्येक व्यासाच्या तीन-चार वेगवेगळ्या सळ्यांतून बरोबर एक मीटरचे तुकडे कापून घ्यायचे. टोकं कटरने सरळ कापलेली असावीत, सळईवर माती किंवा गंजाचे पापुद्रे नसावेत. किराणा दुकानातला पाच-दहा ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. एक तुकडा तोलून निष्कर्ष काढू नये, तीन-चारांची सरासरी घ्यावी.

आपल्या साइटवर सरासरी अशी निघाली: आठ एमएम ०.३७६ किलो, दहा ०.६०६, बारा ०.८९२ आणि सोळा १.६१. आठ एमएम प्रमाणापेक्षा पावणेपाच टक्के हलकी आहे आणि सोळा जवळपास दोन टक्के जड. दोन्ही मर्यादेत बसतात, सळई परत पाठवण्याचं कारण नाही. आता ही खरी वजनं आलेल्या मीटरांना लावली की आठचे ९९३ किलो, दहाचे ७६४, बाराचे ९६३ आणि सोळाचे ९८५ होतात. बेरीज ३,७०५ किलो. काट्याच्या पावतीवर ३,७१०. गाडीच्या काट्याचा एक टप्पाच पाच किंवा दहा किलोंचा असतो, तेव्हा यापेक्षा जवळचं जुळणं शक्य नाही. पावती खरी आहे. दुकानदाराने सांगितलं तेवढं वजन दिलं आहे.

ही बेरीज जुळली नसती तर कुठे पाहायचं? फरक चाळीस-पन्नास किलोंचा असेल तर आधी रिकाम्या गाडीचं वजन बघावं. ते त्याच दिवशी, त्याच काट्यावर केलेलं हवं. गाडीच्या कागदावरून उतरवलेलं चालत नाही. भरताना क्लीनर गाडीत बसलेला आणि रिकामी तोलताना खाली उतरलेला, हौद्यातली पावसाने भिजलेली माती मधेच झाडून काढलेली, दोन तोलांच्या मधे डिझेल भरलेलं, अशा साध्या गोष्टींतून तेवढे किलो सहज इकडेतिकडे होतात. फरक शंभरांच्या पुढे गेला तर सळ्यांची मोजणी चुकली असावी. एखाद्या बंडलात दहाच्या जागी नऊ असतात.

पण पावती खरी निघाली म्हणून आठ एमएमचं दुखणं संपलं नाही, उलट आता ते पूर्ण दिसतं. बीबीएसने आठ एमएमचे १,१३८ किलो धरले होते. आले ९९३. वीस सळ्या कमी आणि ज्या आल्या त्या हलक्या, दोन्ही मिळून १४५ किलो कमी, जवळजवळ तेरा टक्के. हे एकूण वजन साडेतीन टक्के जास्त असताना.

हलकी सळई कुणाच्या फायद्याची, याचं उत्तर पैसे कशावर दिले जातात यावर अवलंबून असतं. काट्यावर तोलून घेणाऱ्याला हलक्या सळईत टनामागे मीटर जास्त मिळतात. आठ एमएम पाच टक्के हलकी असली तर एका टनात २,५३२ मीटरांऐवजी २,६६५ मिळतात. मालक स्वतः स्टील आणतो तेव्हा त्याचं पैशाचं नुकसान नाही, फक्त प्रत्येक मीटरमध्ये पोलाद किंचित कमी आहे, आणि मर्यादेच्या आत असेल तोवर डिझायनरने ते गृहीत धरलेलं असतं. सळई नगावर घेतली तर तोटा सरळ घेणाऱ्याचा. कंत्राट मटेरियलसह असेल आणि बिल बीबीएसच्या प्रमाण वजनावर निघत असेल तर कंत्राटदार ९५० किलोंचे पैसे दुकानदाराला देतो आणि १,००० किलोंचे मालकाकडून घेतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने यावर चोख तोड काढलेली आहे. प्रत्येक खेपेचं व्यासागणिक खरं एकक-वजन साइटवर नोंदवायचं. ते प्रमाणापेक्षा कमी आणि मर्यादेत असेल तर खऱ्या वजनाचे पैसे, जास्त असेल तर प्रमाण वजनाचे. खासगी कंत्राटात ही एक ओळ घालून घ्यायला वकील लागत नाही.

एक शंका मात्र उरते: बीबीएसच चुकलेला असला तर? तोही माणसाने केलेला कागद आहे. सर्वांत जास्त चूक लॅपची होते. बारा मीटरपेक्षा लांब बीममध्ये किंवा कॉलमच्या जोडावर दोन सळ्या काही अंतर शेजारी ठेवाव्या लागतात, आणि ती लांबी यादीत धरलेली नसते. सोळा एमएमला व्यासाच्या पन्नासपट लॅप म्हटला तर दर जोडाला ८० सेंटिमीटर. दुसरी चूक नगांची. चार मीटरच्या पट्ट्यात २०० मिलिमीटर अंतराने सळ्या बसवायच्या तर वीस नव्हे, एकवीस लागतात. पहिली अंतराशिवाय बसते. तिसरी, स्लॅबमध्ये वरची जाळी उचलून धरणाऱ्या खुर्च्या यादीत विसरल्या जातात. काम चालू असताना एखादा व्यास सतत कमी पडू लागला आणि मोजणी, लांबी, कटिंग सगळं बरोबर निघालं, तर बीबीएसच्या त्या व्यासाच्या ओळी नकाशासमोर पुन्हा वाचाव्यात. फिटर ‘कमी पडतंय’ म्हणतो तेव्हा दर वेळी तो खोटं बोलत नसतो.

आणि या सगळ्या हिशोबाला एक सीमा आहे. मीटर आणि किलो जुळले म्हणजे साइटवर पुरेसं पोलाद आलं, एवढंच सिद्ध होतं. ते योग्य जागी बसलं का, हे सांगत नाही. पोलादाची ताकद, म्हणजे सळईवरचं ५०० किंवा ५५० हे ग्रेड खरं आहे का, हेही वजनावरून कळत नाही. त्यासाठी सळईचा तुकडा प्रयोगशाळेत ओढून पाहावा लागतो.

काम संपल्यावर आणखी एकदा वही उघडावी. प्रत्येक व्यासाचे आलेले मीटर एका बाजूला. बसलेले मीटर, उरलेल्या अख्ख्या सळ्या, पुढच्या मजल्याला चालतील असे तुकडे आणि भंगार दुसऱ्या बाजूला. तुकडे मोजत बसायची गरज नाही. व्यासागणिक ढीग तोलायचे आणि एका मीटरच्या खऱ्या वजनाने भागायचं, मीटर निघतात. उलट्या दिशेने हेच सूत्र इथे कामाला येतं. दोन बाजूंत दोन-तीन टक्क्यांचा फरक राहिला तर सोडून द्यावा.

आपल्या घरमालकापुरता निकाल असा. काट्याची पावती खरी आहे, तेव्हा ३,७१० किलोंचे पैसे देऊन टाकावेत. बाराच्या दहा सळ्या एक तर दुकानदाराला परत कराव्यात किंवा कंपाउंडच्या कामासाठी वेगळ्या बांधून ठेवाव्यात. आठ एमएमची आणखी तीन बंडलं मागवावीत, किलो न सांगता सळ्या सांगून. आणि ती साइटवर उतरून मोजली जाईपर्यंत स्लॅबची तारीख कुणालाही देऊ नये.